पोटमाळ्याची शिडी: पायऱ्या आरपार, ग्लू घट्ट, तरी ढिल्या का पडतात?

चाळकरी_४
नमस्कार मंडळी. गिरगावात चाळीतली खोली, वर पोटमाळा. माळ्याची फळी फरशीपासून सात फुटांवर. सध्याची शिडी बाजारातून तयार आणलेली, पायऱ्या बाहेरून खिळ्यांनी ठोकलेल्या. त्यातल्या दोन आता हाताने गोल फिरतात. आई अजून लोणच्याच्या बरण्या काढायला वर चढते, म्हणून हा विषय आता टाळता येत नाही.

नवीन शिडी मीच बनवणार आहे. रे रोडवरून चाळ पाडल्यावर निघालेलं जुनं सागवान आणलंय. दोन उभे, प्रत्येकी दहा फूट लांब, तीन इंच रुंद, सव्वा इंच जाड. पायऱ्या नऊ, गोल, सव्वा इंचाच्या. पायरीचं टोक बारीक करून त्याची कूस करायची, ती उभ्यातून आरपार काढायची आणि ग्लूने पक्की करायची. खिळा नाही, स्क्रू नाही.

प्रश्न तीन. भोक किती घट्ट ठेवू? ग्लू कुठला? आणि बाहेर धो धो पाऊस आहे, आत्ताच करू की थांबू?

अभि_मेकर
सोपं आहे रे. २५ मिमीचं भोक, साडेचोवीसची कूस, भरपूर ग्लू, रात्रभर क्लॅम्प. आजकालचा पांढरा ग्लू लाकडापेक्षा मजबूत असतो. दोन फळ्या चिकटव, वाळू दे, हातोडीने तोड. फुटतं ते लाकूड, जोड नाही. मी स्वतः करून बघितलंय. पाऊसबिऊस काही नाही, घरातच करायचंय ना.

शुभांगी_के
आमच्या सोसायटीच्या टाकीवर चढायलाही लाकडी शिडीच आहे आणि ती कायम गच्चीत पावसात असते. तिला कुठला रंग लावावा? वॉचमन म्हणतो ऑइल पेंटचे दोन हात मारा.

जुना_रंधा
शुभांगीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण एक आत्ताच सांगतो. शिडीला ऑइल पेंट मारू नका. रंगाखाली चीर गेली तर ती दिसतच नाही, आणि शिडीच्या बाबतीत चीर दिसणं हाच काय तो बचाव. अळशीचं तेल किंवा पारदर्शक वॉर्निश लावा. आणि टाकीच्या शिडीला पाऊस कायमचाच असेल तर तिथे लाकूड हवंच कशाला?

आता चाळकरी. अभि म्हणतो ते दोन फळ्यांच्या बाबतीत शंभर टक्के खरं. पण शिडीतला जोड म्हणजे दोन फळ्या नव्हेत. उभ्याचे रेषे वर-खाली जातात. त्यात गोल भोक पाडलं की भोकाची डावी-उजवी भिंत म्हणजे रेष्यांची कड, तिथे ग्लू उत्तम धरतो. भोकाचा माथा आणि तळ मात्र कापलेल्या रेष्यांची तोंडं. झाडूच्या जुडग्याला टोकाकडून ग्लू लावावा तसं. शोषून घेतो, धरत नाही. म्हणजे भोकाच्या परिघातला साधारण निम्माच भाग कामाचा. आणि माणसाचा पाय पडतो तेव्हा वजन नेमकं तळावर येतं.

तरी ताकद हा मुख्य मुद्दा नव्हेच. वजन पेलायला तळाला ग्लू लागत नाही, लाकूड लाकडावर बसतं. जोड सुटतो तो हालचालीने. मुंबईत लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत आकसतं. उभा मात्र लांबीच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही. म्हणजे भोकाची वर-खाली उंची बारा महिने तीच राहते. आत बसलेली पायरी मात्र फुगते-आकसते. ग्लू कुठलाही आणा, दरवर्षीची ही ओढाताण शेवटी त्याच्यावरच येते. तुमची जुनी पायरी गोल फिरायला लागली त्यात खिळ्याचा दोष आहेच, पण निम्मा दोष ती कशी वळवून बसवली होती त्याचा असणार.

चाळकरी_४
वळवून म्हणजे? गोल पायरीला कसली आलीय दिशा?

जुना_रंधा
टोक कापून बघा. स्वच्छ पटाशीने एक पातळ काप घ्या आणि बोटाने पाणी लावा. वाढीच्या रेषा दिसतील, एकाखाली एक, किंचित कमानदार. लाकूड त्या रेषांच्या दिशेने जास्त हलतं आणि रेषांना काटकोनात कमी. सागवानात हा फरक दुपटीहून जास्त आहे. ओल्यापासून अगदी कोरडं होईपर्यंत रेषांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतं, काटकोनात २.५ टक्के.

तुमच्या २५ मिमी कुशीचा हिशोब करू. घरात उघड्यावर असलेल्या लाकडात पावसाळ्यात ओल १७ टक्क्यांच्या आसपास जाते, कोरड्या दिवसांत ११ पर्यंत उतरते. सहा टक्क्यांचा फरक धरला, तर रेषांच्या दिशेने कूस जवळजवळ ०.३ मिमी हलते आणि काटकोनात ०.१२ च्या आसपास.

म्हणून पायरी अशी बसवायची की टोकावरच्या रेषा आडव्या दिसतील, जमिनीला समांतर. मग वर-खाली, जिथे भोक हलत नाही, तिथे पायरीही कमीत कमी हलेल. आडव्या दिशेत ती जास्त हलेल, पण तिथे उभाही रुंदीत फुगतो-आकसतो, म्हणजे भोकही सोबत थोडं हलतं. दोघं एकाच बाजूला सरकले की ग्लूवर ताण कमी.

उलटं बसवलंत, म्हणजे रेषा उभ्या, तर पावसाळ्यात ०.३ मिमी फुगणारी कूस न हलणाऱ्या भोकात कोंडली जाते. तिचे रेषे चिरडतात. हिवाळ्यात ती आकसते तेव्हा चिरडलेला भाग परत उभा राहत नाही, म्हणून मूळ मापापेक्षाही बारीक होते. दोन-तीन पावसाळे गेले की पायरी कुरकुरायला लागते.

परळकर
काका, पण त्याचं सागवान सत्तर-ऐंशी वर्षं जुनं असेल. बर्माचं असलं तर विचारायलाच नको. ते काय हलणार आता? मरून गेलेलं लाकूड ते.

जुना_रंधा
जुन्या लाकडाचा फायदा आहे. आतले ताण निघून गेलेले असतात, ते वाकत-पिळत नाही. पण हवेतली ओल घ्यायची-सोडायची सवय जात नाही. तुमच्याच घरातला जुना सागवानी दरवाजा जुलैत चौकटीला घासतो की नाही, बघा.

परळकर
घासतो. पण तो पहिल्यापासूनच घासतो. :)

कोंकणी_माणूस
आमच्याकडे माडावर चढायला, सुपारी काढायला बांबूची शिडी. ग्लू नाही, काही नाही, बांबूला भोक आणि त्यात खुंटी. सैल झाली की दुसरी ठोकायची. पण लाकडाचीच करायची तर पायऱ्या सागवानाच्या का करता? सागवान दिसायला छान, पण झटका बसला की पटकन मोडतं. बाभूळ किंवा धावडा घ्या. कुऱ्हाडीचे दांडे, बैलगाडीची कामं त्याचीच होतात ती उगाच नाही.

जुना_रंधा
कोंकणीभाऊंचं म्हणणं रास्त आहे. माझीही पसंती उभे सागवान आणि पायऱ्या बाभळीच्या. पण मुंबईत सरळ रेष्याची, सुकलेली बाभूळ मिळणं कठीण. ओली बाभूळ लावण्यापेक्षा सुकलेलं सागवान बरं. फक्त पायरी निवडताना तिच्या अंगावरची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मधेच बाजूने बाहेर पडत असेल तर ती पायरी बाद. गाठ असेल तरी बाद, कितीही सुंदर दिसो.

अभि_मेकर
ठीक आहे, दिशेचा मुद्दा पटला, हा मला माहीत नव्हता. पण मग साडेचोवीसची कूस चालेल ना? अर्धा मिमी ग्लू भरून काढेल. जास्तच सैल वाटली तर ग्लूमध्ये भुसा मिसळायचा.

जुना_रंधा
नाही हो. पांढरा ग्लू पातळ थरातच ताकद देतो. अर्ध्या मिमीचा थर सुकताना स्वतःच आकसतो आणि आत बुडबुडे राहतात. भुसा घातला की फट दिसायची बंद होते, एवढंच. फट भरायचीच असेल तर इपॉक्सी, पण ते सैल कामावरचं पांघरूण झालं.

कूस अशी हवी की हाताने दाबल्यावर अर्ध्यापर्यंत जाईल आणि पुढे लाकडी हातोडीचे हलके ठोके लागतील. ठोकताना आवाज हळूहळू बदलत गेला पाहिजे. पहिल्याच ठोक्याला टणक आवाज आला तर जास्त घट्ट आहे, उभा चिरेल. पेन्सिलने पूर्ण कूस काळी करा, भोकात फिरवा, बाहेर काढा. जिथे चकाकी येईल तिथे घासते. तेवढंच पॉलिश पेपरने काढा. खरादी माणसाकडून कुशी काढून घेणार असाल तर त्याला २५ नका सांगू. तुमच्या ड्रिल बिटने टाकाऊ तुकड्यात एक भोक पाडा आणि तो तुकडाच त्याच्या हातात द्या. २५ चं बिट २५ चंच भोक पाडतं असं समजू नका.

चाळकरी_४
हे फार कामाचं. बिट नागदेवी स्ट्रीटवरून घेतलंय, भोक पाडून मोजतो. आणि ओलीचं काय? पायऱ्या आत्ता फुगलेल्या असणार ना?

जुना_रंधा
असणारच, म्हणून जुलैत पायऱ्यांच्या कुशी काढू नका. आत्ता नेमकं माप घेतलंत तर फेब्रुवारीत सैल. उलट पायरी उभ्यापेक्षा थोडी जास्त सुकी हवी, म्हणजे जोडल्यावर ती किंचित फुगून भोक भरते. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब मिळाला तर प्लायच्या खोक्यात खाली लावा, पायऱ्या वर जाळीवर ठेवा, बाजूला हवा जायला भोकं, बल्ब लाकडापासून लांब, आणि घरात कोणी असतानाच. स्वयंपाकघराच्या वजनकाट्यावर एक पायरी रोज तोला. वजन उतरायचं थांबलं की झालं. मग कूस काढा आणि त्याच दिवशी जोडा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीत तर एखाद-दुसरा दिवस चालेल.

पण फार कोरडीही नको. अगदी ओव्हनमधून काढल्यासारखी पायरी घट्ट भोकात घातलीत तर पहिल्याच पावसाळ्यात स्वतःला चिरडून घेईल. उभे नुसते घरात आडवे ठेवा, त्यांना बल्ब नको.

नवशिकी_मुलुंड
एक भाबडा प्रश्न. पायरी आरपारच का? बाहेरून टोकं दिसतात ते मला आवडत नाही. आतल्या आत संपवली तर?

जुना_रंधा
आतल्या आत संपवली तर दोन गोष्टी हातच्या जातात. एक, ग्लूला बाहेर पडायला वाट नाही. ठोकताना तो पिचकारीसारखा दाबला जातो आणि पायरी खांद्यापर्यंत, म्हणजे कूस जिथे सुरू होते तिथवर, बसतच नाही, किंवा उभा चिरतो. दोन, बाहेरून पाचर मारता येत नाही. आणि शिडीचं टोक दिसलंच पाहिजे, तिथेच तर जोडाची तब्येत कळते. शेवटचा हात झाल्यावर प्रत्येक टोकावरून उभ्यावर जाणारी पेन्सिलची एक बारीक रेघ ओढून ठेवा. वर्षातून एकदा बघा. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे कुशीवरचा भाग उभ्यावरच्या भागापासून सरकलेला दिसला, की पायरी फिरली. कुरकुर ऐकू यायच्या आधी ही रेघ सांगते.

अभि_मेकर
पेन्सिलची रेघ हे भारी आहे. मी माझ्या वर्कबेंचला आजच मारतो.

चाळकरी_४
पाचर म्हणालात. ती कशी? टोकात चीर देऊन?

जुना_रंधा
हो. आणि इथेच बहुतेक लोक उभा फाडतात. कुशीच्या टोकात करवतीने चीर द्यायची ती आडवी, उभ्याच्या रेष्यांना काटकोनात. मग पाचर कुशीला वर आणि खाली पसरवते, दाब भोकाच्या माथ्या-तळावर येतो, आणि तिथे लाकूड रेष्यांच्या लांबीने दाबलं जातं. ते दाब घेतं. चीर उभी दिलीत तर पाचर डावी-उजवीकडे पसरवते आणि उभा रेष्यांवरून सरळ उघडतो. ठोकताना टक् असा कोरडा आवाज आला तर हात थांबवा.

चिरीची खोली उभ्याच्या जाडीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे तुमच्या सव्वा इंचाला २० मिमीच्या आसपास. चिरीच्या तळाशी आधी ३ मिमीचं छोटं आडवं भोक पाडून ठेवा, म्हणजे फट पायरीत पुढे धावत नाही. पाचर बाभळीची किंवा कुठल्याही कडक, सुक्या लाकडाची, जाड टोकाला ३-४ मिमी. तिलाही ग्लू. ठोकत ठोकत आवाज भरीव झाला की पुरे.

कोंकणी_माणूस
पाचर असेल तर ग्लू कशाला? जुने लोक कुठे ग्लू वापरत होते?

जुना_रंधा
पाचर कूस बाहेर येऊ देत नाही. पण गोल कुशीला फिरण्यापासून पाचर फार काळ अडवत नाही, ते काम बाजूच्या भिंतींवरच्या ग्लूचं. चौकोनी कूस केलीत तर फिरण्याचा प्रश्नच नाही, पण अठरा भोकं पटाशीने चौकोनी कोरायची आरपार. पूर्वी लोक करायचे. आता वेळ कुणाला आहे?

ग्लू पाणी सोसणाऱ्या जातीचा घ्या, मरीन म्हणून मिळतो तो. साधा पांढरा ओलीत मऊ पडतो. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या अगदी आधी कूस आणि भोक अ‍ॅसिटोन घेतलेल्या फडक्याने पुसा. दुपारी पुसून संध्याकाळी चिकटवलंत तर तेल परत वर आलेलं असतं. आणि खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद.

परळकर
अठरा जोड एकदम लावणार? पांढरा ग्लू तेवढा वेळ थांबतो का?

जुना_रंधा
थांबत नाही. म्हणून एक बाजू आज, दुसरी उद्या. आज नऊही पायऱ्या एका उभ्यात ग्लूने बसवा आणि दुसरा उभा ग्लू न लावता नुसता वर चढवून ठेवा, म्हणजे सगळ्या पायऱ्या एका रांगेत राहतात. दुसऱ्या दिवशी तो उभा काढा, ग्लू लावा, परत बसवा. ग्लू भोकाच्या आत नीट फासा, कुशीवर पातळ हात. सगळाच कुशीवर लावला तर आत जाताना खरवडून बाहेर येतो. लांब क्लॅम्प नसतील तर सुतळीचा जाड फेर दोन्ही उभ्यांभोवती बांधा, मधे काठी घालून पीळ द्या, खांदे आत येऊन टेकतात. कर्ण दोन्ही बाजूंनी मोजा, सारखे आले की मगच पाचरा.

शुभांगी_के
आमच्या टाकीच्या शिडीला ही पेन्सिल रेघ चालेल का?

जुना_रंधा
ताई, तिच्या पायऱ्या आधी हाताने पिळून बघा. एकही फिरली तर रेघ नको, शिडीच नको.

अभि_मेकर
एक शेवटचं. मी असतो तर प्रत्येक जोडात बाजूने एक ४ मिमीचा स्क्रू मारला असता. ग्लू सुटला तरी पायरी राहील.

जुना_रंधा
मी मारत नाही. तीन इंचाच्या उभ्यात २५ मिमीचं भोक पाडल्यावर दोन्हीकडे एक-एक इंच उरतो. त्यातूनच आडवा स्क्रू घातलात तर सगळ्यात कमजोर जागी आणखी एक भोक. त्यापेक्षा खालून दुसऱ्या आणि वरून दुसऱ्या पायरीखाली ६ मिमीची लोखंडी सळी, दोन्हीकडे वॉशर आणि नट. उभे फाकत नाहीत, आणि पायऱ्या आपोआप धरल्या जातात. बाजारातल्या चांगल्या जुन्या शिड्यांना तीच दिसेल.

अभि_मेकर
सळीलाही भोक लागतंच ना उभ्यात.

जुना_रंधा
लागतं. पण पायरीच्या भोकापासून दोन इंच खाली, रुंदीच्या मधोमध.

कोंकणी_माणूस
आमच्या गावचा सुतार बाभळीची बारीक खुंटी मारतो बाजूने, कुशीतून आरपार. त्याच्या शिड्या मी लहानपणापासून बघतोय. त्यामुळे स्क्रू नको हे मान्य, खुंटी नको हे नाही.

जुना_रंधा
गावच्या शिडीचे उभे बहुधा जाडजूड असतात, खुंटीला जागा असते. सव्वा इंची उभ्यात माझा धीर होत नाही. तुमच्या सुताराचं माप कळवा, मलाही उत्सुकता आहे.

चाळकरी_४
सगळ्यांचे आभार. आजचा हिशोब मांडतो, चुकलं तर सांगा. माळा सात फुटांवर. शिडीचा पाय भिंतीपासून पावणेदोन फूट, म्हणजे चारास एक. तिरक्या मापाने माळ्यापर्यंत साधारण सव्वासात फूट, वर पावणेतीन फूट हाताला धरायला. दहा फुटांत एकेक फुटावर नऊ पायऱ्या, सातवी माळ्याच्या फळीच्या जरा खाली येते, वरच्या दोन फक्त हातांसाठी.

टाकाऊ तुकड्यात भोक पाडलं. कॅलिपरने आडवं २५.२, उभं २५.१. तोच तुकडा खरादीला देणार. पायऱ्यांची टोकं कापून ओली करून बघितली. नऊच्या जागी चौदा आणल्या होत्या, त्यातल्या तिघींच्या अंगावरच्या रेषा मधेच बाजूने बाहेर पडत होत्या, त्या काढल्या. प्रत्येक टोकावर वरच्या बाजूला खडूची खूण केलीय, म्हणजे ठोकताना रेषा आडव्याच राहतील.

जुना_रंधा
खडू पुसला जाईल. पटाशीने बारीक खाच मारा, आणि दोन्ही टोकांना एकाच बाजूला. खाच नंतर बाहेर राहणाऱ्या टोकासोबत कापून टाकायची. कूस काढताना दोन्हीकडे ५ मिमी जास्त ठेवा.

चाळकरी_४
ठेवतो. बल्बचं खोकं करायला घेतलंय. आईचा एकच प्रश्न आहे, त्या बरण्या तोपर्यंत कुठे ठेवू.

परळकर
माळ्यावर सोडून कुठेही.